ग्रुपवरची टिंगल आणि नाव न उघडता केलेली तक्रार: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली नावे, विभाग आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या कंपनीत बिले तपासण्याचे काम करणारी बारा जणांची टीम. पाळ्यांचे वेळापत्रक, रजेचे निरोप आणि ‘आज सर्व्हर बंद आहे’ यासारख्या सूचना टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायच्या. ग्रुप कंपनीने काढलेला नव्हता, फोनही सगळ्यांचे स्वतःचेच होते. पण ग्रुप सोडला तर उद्याची पाळी कळणार नाही, अशी परिस्थिती होती. टीमप्रमुखही त्याच ग्रुपवर होते.

समीर या टीममध्ये दोन वर्षांपासून होता. कामात चोख, बोलायला मोकळा, पण घरचे काही सांगायचा नाही. एका लग्नातला त्याचा एका मित्राबरोबरचा फोटो कोणाच्या तरी सोशल मीडियावर दिसला आणि टीममधल्या राजनने तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, “जोडी छान दिसतेय.” पाच जणांनी हसण्याची इमोजी टाकली, त्यात टीमप्रमुखही होते.

त्यानंतरच्या दहा आठवड्यांत हे वाढत गेले. समीर रजेवर असला की “आज वहिनी आल्या नाहीत का?” असा मेसेज यायचा. त्याच्या चालण्याची नक्कल असलेले एक स्टिकर तयार झाले आणि ते समीरच्या कामाच्या मेसेजखालीही पडू लागले. एका बैठकीत काम वाटताना राजन म्हणाला, “समीरला जरा नाजूक काम द्या, सांभाळून घ्यावं लागतं.” ग्रुपवर असे सात प्रसंग झाले, बैठकांमध्ये दोन.

समीरने सुरुवातीला एकदा हसरा चेहरा टाकला होता. पुढे तो गप्प झाला. डबा खायला वेगळ्या वेळी जाऊ लागला, ऑनलाइन बैठकीत कॅमेरा बंद ठेवू लागला आणि पाळी बदलून मागितली. त्याच टीममधली मेधा हे सगळे पाहत होती.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता प्रकरण सरळ आहे. टिंगल होते आहे, पुरावा फोनवर आहे, एचआरकडे जायचे. पण खासगी आयुष्यावरून होणाऱ्या टिंगलीत तक्रारीनेच मोठे नुकसान होऊ शकते. “समीर समलिंगी आहे म्हणून त्याला चिडवतात” असे कोणी लिहून दिले, की तोवर कुजबूज असलेली गोष्ट कंपनीच्या कागदावर येते. ती खरी आहे की खोटी, याने फारसा फरक पडत नाही. समीरने ऑफिसात कोणालाही काहीही सांगितलेले नव्हते, आणि ते सांगायचे की नाही हा निर्णय पूर्णपणे त्याचा होता.

त्यात आणखी एक धागा होता. समीरचा एक नातेवाईक याच कंपनीत दुसऱ्या विभागात होता आणि समीरच्या एचआर फाइलमध्ये आपत्कालीन संपर्क म्हणून त्याच्या वडिलांचा नंबर होता. फाइलला चुकीचा हात लागला असता तर गोष्ट घरी पोचायला एक फोन पुरला असता. मेधाला यातले काहीच माहीत नव्हते. म्हणूनच पुढचा पहिला निर्णय महत्त्वाचा ठरला.

पहिला निर्णय: आधी समीरला विचारायचे

तक्रार करण्याआधी मेधाने समीरशी बोलायचे ठरवले. कुठे आणि कसे, याचा तिने विचार केला होता. ऑफिसच्या चॅटवर नाही, कारण ते कंपनीच्या सर्व्हरवर राहते. कॅन्टीनमध्ये नाही, कारण दोघे कोपऱ्यात बसून बोलताना दिसले तरी चर्चा होते. तिने संध्याकाळी फोन केला आणि एवढेच म्हणाली, “ग्रुपवर जे चाललंय ते मला खटकतंय. तुला त्याबद्दल बोलायचं असेल तर मी आहे. नसेल तर हा विषय मी परत काढणार नाही.”

तिने ‘ते खरं आहे का’ असे विचारले नाही. ‘तू कसाही असलास तरी आम्हाला चालतं’ असेही म्हटले नाही. हे दुसरे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्यातही ऐकणाऱ्याकडून उत्तराची अपेक्षा असते. टिंगल थांबवायला त्या उत्तराची गरज नव्हती.

समीर आधी नको म्हणाला. दोन दिवसांनी त्याने स्वतःच फोन केला आणि तक्रारीला होकार दिला. त्याच्या अटी स्पष्ट होत्या: तक्रारदार म्हणून त्याचे नाव नको, त्याच्या खासगी आयुष्याविषयी कुठेही एक वाक्य नको, सगळ्यांसमोर माफी वगैरे नको आणि त्याची पाळी किंवा टीम त्याला न विचारता बदलायची नाही. नातेवाइकाची गोष्ट त्याने तेव्हा सांगितली. मेधाने या अटी त्याच्याच शब्दांत लिहून घेतल्या आणि त्याला वाचून दाखवल्या. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच मोजपट्टी म्हणून वापरल्या गेल्या.

कोणते पर्याय तोलले

राजनशी थेट बोलणे हा पहिला पर्याय. बैठकीतल्या दुसऱ्या प्रसंगी मेधाने तो छोट्या रूपात वापरला होता: “हा कामाचा विषय नाही, पुढचं बिल घेऊ.” बैठक पुढे सरकली. अशी तिथल्या तिथे टाकलेली ओळ उपयोगी असते, कारण ती कोणाच्याही खासगी गोष्टीबद्दल काही बोलत नाही, फक्त विषय बंद करते. पण राजनला बाजूला घेऊन समजावले असते, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता: “का, समीर काही बोलला का तुझ्याशी?” त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा, ‘नाही’ म्हणा किंवा गप्प बसा, समीरविषयी काहीतरी उघड होतेच. म्हणून हा मार्ग तिने सोडला.

टीमप्रमुखांकडे जाणे ही नेहमीची पायरी. पण हसण्याची इमोजी टाकणाऱ्यांत ते होते. चौकशी झाली तर त्यांचेही नाव येणार, मग त्यांच्याच हातात तक्रार देऊन काय साधणार?

तिसरा मार्ग निनावी तक्रारीचा. कंपनीच्या संकेतस्थळावर तशी सोय होती. निनावी म्हटले की सुरक्षित वाटते, पण बारा जणांच्या ग्रुपमध्ये तपशील स्वतःच बोलतात. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये ज्याचा फोन त्याचे मेसेज उजवीकडे, वेगळ्या रंगात दिसतात. त्यामुळे मेधाचा एखादा मेसेज चित्रात आला असता, तर फोन कोणाचा हे लगेच कळले असते. शिवाय निनावी तक्रारदाराला अनेकदा परत प्रश्न विचारता येत नाहीत, आणि अशा तक्रारी ‘पुरेशी माहिती नाही’ म्हणून बंद होऊ शकतात. हा मार्ग तिने शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवला.

अंतर्गत तक्रार समितीचा विचार सर्वात जास्त वेळ चालला. भारतातल्या २०१३ च्या कायद्यात ही समिती कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकते. तक्रारदार स्त्री असावी लागते, त्यामुळे समीर तिथे तक्रारदार होऊ शकत नव्हता. काही कंपन्यांनी आपले धोरण स्वतःहून सर्वांसाठी खुले केले आहे, या कंपनीने केले नव्हते. मेधा स्वतःच्या वतीने जाऊ शकली असती, कारण लैंगिक अर्थाचे शेरे कायद्याच्या व्याख्येत येतात आणि ते तिलाही रोज वाचावे लागत होते. तक्रारीची मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची असते, तीही उलटलेली नव्हती. तरी तिने हा मार्ग घेतला नाही. तिथे तक्रारीची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला द्यावीच लागते. गोपनीयतेचे बंधन कायद्यातच आहे, पण ती प्रत तक्रारदाराच्या नावासह राजनच्या हातात गेली असती, आणि मूळ मुद्दा समीरला मिळणाऱ्या वागणुकीकडून मेधाच्या त्रासाकडे वळला असता.

इथे कायद्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात लैंगिक कल हा खासगीपणाचा आवश्यक भाग मानला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०१९ चा कायदा पारलिंगी व्यक्तींना नोकरीतल्या भेदभावापासून संरक्षण देतो. पण खासगी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला लैंगिक कलावरून सहकारी चिडवत असेल, तर त्यासाठी या निकालांमधून वेगळी तक्रार यंत्रणा उभी राहत नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली असा छळ, अगदी चुकीच्या समजुतीवरून केलेला असला तरी, थेट दाद मागण्याजोगा ठरतो. इथे मात्र कंपनीची स्वतःची आचारसंहिता हाच मुख्य आधार उरतो. या कंपनीच्या आचारसंहितेत ‘लैंगिक कलासह कोणत्याही वैयक्तिक कारणावरून अवमान करणे’ हे गैरवर्तन असल्याचे एका ओळीत लिहिले होते. ती एक ओळ पुरेशी होती.

मेधाने ठरवले, आचारसंहितेच्या भंगाची तक्रार स्वतःच्या नावाने, थेट नेमलेल्या एचआर अधिकाऱ्याकडे द्यायची.

पुरावा जमवताना

ग्रुपची सगळी चॅट एक्सपोर्ट करण्याची सोय असते. तिने ती वापरली नाही. त्यात इतरांचे फोन नंबर, कोणाच्या आजारपणाचे निरोप, कोणाच्या घरची अडचण असे सगळे येते. एकाचा खासगीपणा जपण्यासाठी बाकीच्या दहा जणांचा उघडा करणे बरोबर नव्हते. सात प्रसंगांचे सात स्क्रीनशॉट तिने काढले. प्रत्येकात आधीचा आणि नंतरचा एक मेसेज येईल याची काळजी घेतली, नाहीतर ‘संदर्भ तोडून दाखवलंय’ असे म्हणता येते. इमोजीवर बोट ठेवले की ती कोणी टाकली ते दिसते, तेही टिपले.

बैठकीतल्या दोन शेऱ्यांची नोंद तिने त्या त्या दिवशीच केली होती: तारीख, वेळ, कोणत्या बैठकीत, नेमके शब्द अवतरणचिन्हांत, हजर कोण होते, पुढे काय झाले. ‘अत्यंत घाणेरडे’, ‘मुद्दाम’ अशी विशेषणे नाहीत. वाचणाऱ्याला शब्द दिसले की विशेषण त्याच्याच मनात येते.

एक बारीक गोष्ट इथे निसटू शकली असती. तिच्या फोनमधले फोटो आपोआप घरच्या सामाईक अल्बममध्ये जात होते, म्हणजे समीरच्या टिंगलीचे स्क्रीनशॉट घरच्या टॅबवर कोणालाही दिसले असते. तिने आधी ती जोडणी बंद केली. फाइलला ‘आचार-नोंद १’ असे कोरे नाव दिले, कारण ईमेलच्या जोडपत्राचे नाव सूचनेत, फाइल न उघडताच वाचता येते.

तक्रारीची भाषा

मेधाचा पहिला मसुदा असा होता: “समीर समलिंगी असल्याच्या कारणावरून राजन त्याची सतत टिंगल करतो. त्यामुळे समीर मानसिकदृष्ट्या खचला आहे.”

दोनच वाक्ये, पण त्यात तीन धोके आहेत. पहिल्यात समीरविषयीचे विधान वस्तुस्थिती म्हणून मांडले आहे. ‘सतत’ हा शब्द सिद्ध करता येत नाही, आणि चौकशी त्या एका शब्दावरच अडकू शकते. ‘खचला आहे’ म्हटले की कोणीतरी समीरला त्याच्या मनःस्थितीबद्दल विचारणार, कदाचित डॉक्टरकडे जायला सांगणार, आणि प्रश्न राजनच्या वागण्याऐवजी समीरच्या तब्येतीचा होणार.

पाठवलेला मजकूर असा होता: “गेल्या दहा आठवड्यांत टीमच्या कामाच्या ग्रुपवर सात वेळा आणि दोन बैठकांमध्ये, एका सहकाऱ्याच्या खासगी आयुष्याविषयी अवमानकारक शेरे मारले गेले. शेरे सोबत जसेच्या तसे दिले आहेत. हे आचारसंहितेच्या अवमानविषयक कलमाचे उल्लंघन आहे असे मला वाटते. त्या सहकाऱ्याचे खासगी आयुष्य काय आहे हा या तक्रारीचा विषय नाही, आणि त्याविषयी मला काही सांगायचे नाही. चौकशीतही त्याविषयी कोणालाही विचारले जाऊ नये अशी विनंती आहे.”

पत्रात समीरचा उल्लेख फक्त ‘एक सहकारी’ असा होता. नावे वेगळ्या जोडपत्रात, स्क्रीनशॉटसह. पत्र तीन जणांनी वाचले तरी जोडपत्र एकाच व्यक्तीकडे राहावे, म्हणून ही विभागणी.

पाठवण्याआधीची भेट

कागद देण्याआधी मेधाने एचआर अधिकाऱ्यांची पंधरा मिनिटे वेळ घेतली आणि एकही नाव न घेता विचारले: “मॅडम, ज्याच्याविषयी शेरे आहेत तो तक्रारदार नसेल तरी चौकशी होते का? फाइल कोणकोण पाहतं? मी आज सविस्तर सांगितलं आणि उद्या थांबायचं ठरवलं, तर तुम्ही थांबू शकाल का?”

तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. एचआरला नावासह गैरवर्तन कळले की कारवाईची जबाबदारी त्यांच्यावर येते. मग तक्रारदाराने ‘राहू दे’ म्हटले तरी ते थांबतीलच असे नाही. अधिकाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगितले. पूर्ण गुप्ततेचे वचन त्यांनी दिले नाही, आणि ते न देणे हेच प्रामाणिक होते. फाइल त्या स्वतः आणि विधी विभागाचे प्रमुख पाहतील. राजनला आरोप सांगावे लागतील, तक्रारदाराचे नाव सांगणार नाही, पण तो अंदाज बांधू शकेल.

आणखी एक गोष्ट त्या भेटीत कळली. एचआरच्या मदतकक्षाचे तिकीट काढले असते, तर ते नऊ जणांना दिसले असते. मेधाला तिकीट न काढता सीलबंद पाकीट हातात द्यायला सांगितले गेले. त्याच संध्याकाळी तिने हे सगळे समीरला कळवले आणि त्याने पुन्हा एकदा होकार दिल्यावरच पाकीट दिले.

चौकशी कशी झाली

समीरला वेगळे बोलावले नाही. त्याची तिमाही भेट दहा दिवसांनी होणारच होती, ती अधिकाऱ्यांनी स्वतः घेतली. त्याला दोनच गोष्टी विचारल्या: ग्रुपवर काय घडले, आणि पुढे काय व्हावे असे वाटते. त्याने आपल्या अटी पुन्हा सांगितल्या. भेटीच्या नोंदीत नेहमीचाच मजकूर राहिला, बाकीचे वेगळ्या फाइलमध्ये गेले.

साक्षीदारांना काय विचारायचे यावर जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. ‘राजन समीरला समलिंगी म्हणून चिडवतो का?’ असा प्रश्न पाच जणांना विचारला, की एचआरनेच ती बातमी पाच जणांना सांगितल्यासारखे होते. आणि एचआर विचारते आहे म्हटल्यावर तिला वजनही येते. म्हणून प्रश्न मोकळे ठेवले: “ग्रुपवर कामाशिवाय काय चालतं? कोणाच्या व्यक्तिगत गोष्टींवर बोललं जातं का? शेवटचं काय आठवतंय, शब्द काय होते?” पाचपैकी चौघांनी ‘वहिनी’चा मेसेज स्वतःहून सांगितला. कोणी समीरविषयी अंदाज बोलू लागले की अधिकारी थांबवत आणि ते लिहून घेत नसत. त्या पाच जणांत मेधालाही बोलावले होते. तिला वगळले असते, तर न बोलावलेलीच तक्रारदार असणार हे उघड झाले असते.

मग चूक झाली. एचआरच्या सहायकाने पुढच्या भेटींची निमंत्रणे कॅलेंडरवर एकत्र पाठवली. विषय होता ‘ग्रुप चौकशी’ आणि निमंत्रितांची यादी सगळ्यांना दिसत होती. तासाभरात राजनने ग्रुपवर विचारले, “कोणाला एवढं लागलं?” आणि चार मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ झाले. स्क्रीनशॉट आधीच दिलेले असल्यामुळे पुरावा वाचला, पण समीरनेच तक्रार केली असा बोभाटा झाला. दोन दिवस त्याने रजा घेतली.

अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी तीन गोष्टी केल्या. निमंत्रणे रद्द करून उरलेल्या भेटी प्रत्यक्ष निरोप देऊन ठरवल्या. राजनला लेखी कळवले की चौकशी संपेपर्यंत तक्रारीबद्दल टीममधल्या कोणाशीही बोलायचे नाही आणि तसे केल्यास ते स्वतंत्र गैरवर्तन धरले जाईल. आणि राजनची पाळी बदलली, समीरची नाही. अनेक ठिकाणी उलटे होते. ज्याला त्रास झाला त्यालाच ‘तुझ्या सोयीसाठी’ हलवले जाते, आणि सगळे त्याचा अर्थ शिक्षा असाच लावतात.

राजनचे तीन बचाव होते. गंमत होती, समीरही हसला होता. ग्रुप खासगी आहे. आणि ‘मी तो तसा आहे असं कुठे म्हटलं?’ पहिल्याला उत्तर असे दिले गेले की एकदा टाकलेली इमोजी म्हणजे पुढच्या सहा प्रसंगांना संमती नव्हे, आणि टीमप्रमुख हसत असताना कनिष्ठ माणूस हसतोच. दुसरा बचाव वेळापत्रक त्याच ग्रुपवर येत असल्यामुळे टिकला नाही. तिसऱ्याचा उपयोग उलटा झाला. निष्कर्ष समीर कसा आहे यावर अवलंबूनच नव्हता. शेरे अवमानकारक होते का आणि ते कोणी केले, एवढेच ठरवायचे होते. तक्रारीची भाषा तशी नसती, तर हाच बचाव चौकशीला ‘मग खरं काय ते विचारा’ या दिशेने घेऊन गेला असता.

निकाल

तक्रार दिल्यापासून एकोणीस कामाच्या दिवसांत निर्णय झाला. राजनला लेखी ताकीद मिळाली, ती एक वर्ष नोंदीत राहणार होती. नव्या लोकांना शिकवण्याची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेतली. टीमप्रमुखांना वेगळी लेखी समज दिली गेली, कारण त्यांनी थांबवायला हवे होते. वेळापत्रक कंपनीच्या अधिकृत चॅनलवर आले आणि जुन्या ग्रुपची कामापुरती गरज संपली. निकालपत्रात समीरचे नाव किंवा लैंगिक कलाचा उल्लेख नव्हता, ‘सहकाऱ्याविषयी अवमानकारक वैयक्तिक शेरे’ एवढेच होते.

मेधाचे त्या वर्षीचे मूल्यमापन टीमप्रमुखांकडून काढून दुसऱ्या व्यवस्थापकाकडे दिले. एक, दोन आणि तीन महिन्यांनी अधिकाऱ्यांनी तिला बोलावून कामाचे वाटप, पाळ्या आणि रजा यांत काही बदलले का ते तपासले. दुसऱ्या महिन्यात दिसले की अवघड बिलांचा वाटा तिच्याकडे जवळपास दुप्पट झाला होता. आकडे समोर ठेवल्यावर तो पूर्ववत झाला. ‘कोणी त्रास देतंय का?’ एवढेच विचारले असते, तर हे बहुधा बाहेर आले नसते. सूड बहुतेक वेळा अशाच रोजच्या वाटपातून घेतला जातो.

टिंगल थांबली. राजनने माफी मागितली नाही, आणि समीरला ती नकोच होती. सहा महिन्यांनी समीरने स्वतः मागून दुसरी टीम घेतली.

काय वेगळे करता आले असते

कॅलेंडरची चूक टाळण्याजोगी होती. अशा प्रकरणात निमंत्रण एकेकाला, ‘चर्चा’ यासारख्या साध्या विषयाने जावे आणि ते चौकशी करणाऱ्यानेच पाठवावे. सहायकाला काय सांगायचे नाही हे ठरवले होते, काय पाठवायचे हे कोणी सांगितलेच नव्हते.

मेधाने पुरावा पुरेसा व्हावा म्हणून जवळजवळ तीन आठवडे वाट पाहिली. दोन स्क्रीनशॉट आणि एक तारखेची नोंद यावरही चौकशी सुरू झाली असती. त्या तीन आठवड्यांत आणखी तीन शेरे झाले.

निकालानंतर आठवड्याभरातच एचआरने फक्त त्या विभागाला ‘कामाच्या ठिकाणी आदर’ या प्रशिक्षणाचा ईमेल पाठवला. हेतू चांगला होता, पण सगळ्यांनी त्याचा संबंध लगेच समीरशी जोडला. तो संपूर्ण कंपनीला, वार्षिक वेळापत्रकाचा भाग म्हणून, दोन-तीन महिन्यांनी गेला असता तर हे झाले नसते.

समीरच्या फाइलमधला आपत्कालीन संपर्क ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नाही. दोन दिवस तो न आल्यावर हजेरी विभागाने वडिलांना फोन केला असता, तर काय बोलले गेले असते सांगता येत नाही. फोन झाला नाही, हा योगायोग. चौकशी सुरू होताच समीरला ‘तो संपर्क बदलायचा आहे का?’ असे कारण न विचारता विचारायला हवे होते.

समीरने शेवटपर्यंत नकार दिला असता तर काय, यावर या क्षेत्रातल्या लोकांचे एकमत नाही. काही जण म्हणतात, साक्षीदाराचा स्वतःचाही हक्क आहे, तिलाही ते रोज वाचावे लागते. आमच्या मते बारा जणांच्या टीममध्ये ‘माझ्यापुरती’ तक्रार असे काही नसते, स्क्रीनशॉट दिला की समीर ओळखला जातो. नकारानंतर मेधाने तिथल्या तिथे विषय बंद करत राहणे, तारखांसह नोंद ठेवणे आणि नावे न घेता वेळापत्रक अधिकृत चॅनलवर आणण्याची मागणी करणे योग्य ठरले असते. शेवटच्या मागणीने टिंगल थांबली नसती, पण समीरला ग्रुप सोडण्याची मोकळीक मिळाली असती. धमकी, ‘घरी सांगेन’ अशी भीती दाखवणे किंवा अंगाला हात लावणे यांपैकी काही घडले, तर मात्र हा हिशेब बदलतो. तेव्हा एचआरला कळवावे लागते, आणि ते कळवण्याआधी समीरला तसे स्पष्ट सांगावे लागते.